आचाऱ्याने निवडलेला डबा

त्याला सगळे आचारीच म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं म्हणा, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी घरी, दारी, इस्पितळात, शेजारपाजारी सगळीकडे आचारी. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो आचारी, जरा घराकडेही बघा."

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याची उभी हयात गेली. दुखणेकऱ्यांचं जेवण करायचं म्हणजे चेष्टा नाही. कुणाला मीठ चालत नाही, कुणाला तेल चालत नाही, आणि कुणाला काहीच चालत नाही पण खाल्लं तर पाहिजे! हा माणूस सगळ्यांना पुरून उरायचा. भाजी न चाखता नुसत्या वासावरून सांगायचा की मीठ कमी पडलंय. हाताखालच्यांना त्याचा असा धाक, की तो आत आला की लोक आधी आपापली नखं बघत. अन्नाच्या बाबतीत त्याने नाकावर माशी बसू दिली नाही, भातावर तर लांबच राहिली.

अशा माणसाच्या मुलीला अन्न मानवत नाही म्हणजे काय? पण होतं खरं तसं. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून तिला ढमी म्हणत. पुढे ती वाळून काडी झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. गेल्या वर्षी तर पोटाच्या दुखण्याने तिला बापाच्याच इस्पितळात ठेवावं लागलं. सुटताना डॉक्टरांनी बजावलं, "वेळच्या वेळी, ताजं आणि हलकं जेवण. यात हयगय झाली तर पुन्हा इथेच याल."

आणि नेमकं त्याच वर्षी ढमीला परक्या शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली. इमारतींचे आराखडे काढायचं शिक्षण. घराण्यात कुणी घराची भिंत नीट रंगवली नव्हती, आणि ही इमारती उभ्या करणार! थोरल्या काकांनी तिथल्या तिथे मोडता घातला. "पोरीची तब्येत ही अशी. तिकडे कोण बघणार तिच्या पोटापाण्याचं? काही जायला नको."

ढमीने काही हट्ट केला नाही. नुसती कागदांची गुंडाळी छातीशी धरून दारात उभी राहिली. आचारी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावापुढे आवाज चढवून बोलला, "दादा, जेवणाची जबाबदारी माझी. यात काही उणं पडलं तर मीच तिला परत आणीन, आणि पुन्हा शिक्षणाचं नाव काढणार नाही."

शब्द दिला. आता तो पाळायचा, तर त्या शहरात पोरीसाठी जेवणाची सोय शोधायची. खोली काय, पहिल्या दिवशीच मिळाली. एका घरमालकिणीच्या वरच्या मजल्यावरची, एक खिडकी, एक खाट, एक टेबल. स्वयंपाक करायला मनाई. म्हणजे एकतर मेस, नाहीतर डबा. आचाऱ्याने बाह्या सरसावल्या. हा तर त्याचा प्रांत!

कॉलेजच्या पाठीमागच्या गल्लीत मेसच मेस होत्या. प्रत्येकीच्या दारात फळा, फळ्यावर "घरगुती चवीचे जेवण". आचारी फळा वाचून हसला. "घरगुती लिहावं लागतं म्हणजे ओळखावं," म्हणाला. पहिल्या मेसमध्ये त्याने आत जाऊन स्वयंपाकघर बघू का म्हणून विचारलं. मालक म्हणाला, "जेवायचं आहे की चौकशी करायची आहे?" झालं, ती मेस बाद. दुसरीत आदल्या दिवशीचा भात परतून वाढत होते. तीही बाद.

मग आली मोठी मेस. गल्लीतली सगळ्यात जुनी, लांबच लांब बाकं, दुपारी जत्रा भरल्यासारखी गर्दी. पोरंपोरी ताटं घेऊन रांगेत उभी, आपल्या हाताने वाढून घेत होती, धक्काबुक्की, आरडाओरडा. नवीन येणाऱ्याला एक जेवण चवीसाठी मिळायचं, मग पटलं तर महिना लावायचा. मालक अघळपघळ माणूस. "बघा ना आत, बिनधास्त बघा," म्हणाला.

आचारी आत गेला आणि ढमी ताट घेऊन बाहेर उभी राहिली. आत त्याने काय काय पाहिलं, ते विचारू नका. तळणीचं तेल काळं पडलेलं. तेच पुन्हा गाळून वापरायचं. भाज्या सकाळीच चिरून उघड्या ठेवलेल्या. ज्या फडक्याने ओटा पुसला, त्याच फडक्याने ताटं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हाताखालचा माणूस असता तर त्याची खैर नव्हती.

बाहेर येऊन बघतो तर ढमी पोरींच्या घोळक्यात बसलेली. एका जाड भिंगाच्या चष्मेवालीने "ये गं, इथे बस" म्हणून बाकावर सरकून जागा केली होती. या पोरीही नव्याच, कुणाचीच अजून घट्ट ओळख झालेली नव्हती, म्हणून सगळ्याच एकमेकींना धरून बसलेल्या. काहीतरी विनोद झाला आणि ढमी खळखळून हसली. तिचं ताट चाटूनपुसून लख्ख होतं, आणि ती दुसऱ्यांदा भात घ्यायला उठत होती.

आणि आचाऱ्याने काय पाहिलं असेल? भाजीवरचा तेलाचा तवंग! कपाळ माझं!

"ऊठ," तो तिच्या कानाशी म्हणाला. "इथलं काही खरं नाही."

"बाबा, इथे बरं आहे की."

"तुला काय कळतंय तेलातलं? ऊठ बघू."

ढमी उठली. चष्मेवालीने हात हलवला, हिनेही हलवला. बाप तोवर दारात जाऊन पायात चपला घालत होता.

संध्याकाळपर्यंत त्याला हवं ते सापडलं. डबेवाल्या ताई. दोन गल्ल्या पलीकडे राहत्या घरातच स्वयंपाक करायच्या, मोजक्याच लोकांचे डबे. स्वयंपाकघर कसं, तर आरशासारखं. तेल ताजं, पाणी उकळून गार केलेलं, भाज्या ऐन वेळी चिरलेल्या. आचारी इतका खूश झाला की त्याने स्वतःहून त्यांना भातात पाणी किती घालता ते विचारलं आणि उत्तर ऐकून मान डोलावली. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्याने कुणाला दिलं नव्हतं. तरी गडी सावध. पहिल्या दिवशी सगळेच हात सैल सोडतात हे त्याला ठाऊक. म्हणून दुसऱ्या दिवशी न सांगता मागच्या दाराने पुन्हा गेला. जेवण तेच, तसंच. ताई हसून म्हणाल्या, "काका, आज झाकणं उघडून बघणार की भांड्यांत उतरणार?"

ताईंची पद्धत साधी. दोन डबे ठेवायचे. सायकलवाला भरलेला डबा खोलीच्या दाराला अडकवणार आणि आदला रिकामा घेऊन जाणार. रिकामा डबा धुऊन ठेवायचा, एवढीच अट. जेवायचं नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवायचं, म्हणजे तो खाडा धरला जाईल. ढमीसाठी तिखट बेताचं आणि भात मऊ, हेही ताईंनी कबूल केलं. आचाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. स्टँडवर पोरीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता डोळे झाकून जेवायचं. तुझ्या बापाने पारखून घेतलाय डबा."

"हो बाबा," ती म्हणाली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीशी उभी होती.

पुढचे दिवस कसे मजेत गेले! रोज फोन. "जेवलीस?" "जेवले." "काय होतं?" ती डब्यात काय काय होतं ते बरोब्बर सांगायची. "कसं होतं?" "छान होतं बाबा." इस्पितळात हा ज्याला त्याला सांगत सुटला, की सोय करावी तर अशी. मधूनच ताईंनाही फोन करायचा. त्या म्हणायच्या, "काका, तुमच्या मुलीची काळजीच नको. एक खाडा नाही. आणि डबा असा स्वच्छ धुऊन येतो, की मला पुन्हा धुवावासा वाटत नाही." हे ऐकून तर तो हरखूनच गेला. संस्कार, दुसरं काय!

मग कॉलेजातून फोन आला. मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली आहे, कुणीतरी या.

आचारी हातातलं काम टाकून निघाला. सगळ्या वाटेने ताईंना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होता. शेवटी सगळे सारखेच, बाप गेला की हात आखडला असेल. जाऊन असं झापतो, की पुन्हा कुणाच्या पोराशी खेळ करणार नाही.

ढमीला खोलीवर आणून निजवलं होतं. त्या इमारतीच्या खाली रखवालदाराने त्याला ओळखलं. म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "तुम्ही वरच्या पोरीचे वडील ना? फार गुणी मुलगी हो. फार दयाळू. रोज मला जेवण आणून देते, म्हणते काका, मला जास्त होतं. आणि काय जेवण असतं साहेब! मीठ अगदी बेताचं, भात कसा मऊ. माझ्या दातांना तर अगदी मानवतो. जिथून कुठून आणता, ते बंद करू नका."

आचारी जिना चढू लागला. म्हाताऱ्यावर काय रागावणार? तो खरंच बोलत होता. एकेक घास पारखून केलेलं ते जेवण या गृहस्थाने मन लावून खाल्लं होतं.

वर ढमी खाटेवर पडून होती. गालफडं बसलेली, मनगट दोन बोटांत मावेल असं. भिंतीवर तिने काढलेले आराखडे टाचलेले. टेबलावर डबा, न उघडलेला. आचाऱ्याने तो उघडला, वास घेतला, बोटाने चाखला. कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती.

"का गं?" तो म्हणाला. "वाईट लागतं?"

"नाही बाबा. छान असतं."

"मग?"

ती भिंतीकडे बघून म्हणाली, "घशाखाली उतरत नाही. झाकण उघडते, बसते, पहिला घास घेते. खोलीत नुसता माझ्या चावण्याचा आवाज येतो. मग पुढे जातच नाही."

आचाऱ्याला काही समजेना. त्याने तिला मऊ भात कालवून दिला, एक घास, दुसरा घास. तिसऱ्याला तिने मान फिरवली. तो बाहेर येऊन जिन्यात बसला आणि त्याने बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं, चावण्याच्या आवाजाचंही.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही तिला कधी जेवताना बघितलंय का?"

"म्हणजे काय? माझी पोर..."

"कधी बघितलंय? जेवणाच्या वेळेला तुम्ही कायम इस्पितळात. लोकांना वाढत. तुमची मुलगी कशी जेवते ते मला विचारा. आजी, काकू, सगळी चुलत भावंडं गोलात बसलेली, कोण कुणाची थट्टा करतंय, कोण कुणाच्या ताटातलं पळवतंय. त्या गडबडीत ही जेवायची. जरा सगळे गप्प झाले की हिचा हात थांबायचा. ती अन्न नाही हो जेवत, गप्पा जेवते. मी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही म्हणालात, डबा असा आहे की बघायलाच नको. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

त्याने फोन ठेवला. आयुष्यभर त्याने जेवण म्हटलं की पातेलंच पाहिलं होतं. त्याचं स्वतःचं जेवण म्हणजे सगळ्यांचं उरकल्यावर ओट्याशी उभ्याने चार घास. जेवायला माणूस लागतं हे कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. आता हसू कुठलं! त्याला त्या बाकावरचं तिचं हसणं आठवलं, भात घ्यायला उठलेली ती आठवली, आणि "तुला काय कळतंय" हे स्वतःचे शब्द त्याला झोंबले. ते शब्द परत घेता आले असते तर त्याने हात कापून दिला असता.

पण माणूस आशेला चिकटलेला असतो. दोन दिवसांनी ढमी जरा उभी राहिल्याबरोबर तो तिला घेऊन मोठ्या मेसमध्ये गेला. तेल काळं तर काळं! फडकं घाण तर घाण! त्याने मालकापुढे हात जोडले. मालक म्हणाला, "अहो, हात कसले जोडता? मध्येच आलात तरी काय झालं, लावा महिना, बसवा पोरीला." इतकं सोपं होतं. आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

ढमी ताट वाढून घेऊन बाकांकडे वळली. चष्मेवाली तिथेच होती. त्या सगळ्याच होत्या. पण आता त्यांचा अड्डा जमला होता. कुणाची जागा कुठली हे ठरलेलं, जी आली नाही तिच्या जागेवर दप्तर ठेवलेलं. कसली कसली नावं पडलेली, कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टींवरून हसणं चाललेलं. ढमी जवळ जाऊन उभी राहिली. चष्मेवालीने वर पाहिलं. तिला काही ओळख पटली नाही. "ही जागा धरली आहे गं," ती म्हणाली, अगदी चांगल्या शब्दांत, आणि पुन्हा आपल्या मैत्रिणीकडे वळली.

दुसऱ्या बाकावरही तेच. तिसऱ्यावर मुलगे होते. ढमी पाण्याच्या पिंपाजवळच्या टोकाला जाऊन बसली, तोंड भिंतीकडे करून. दारातून बापाला तिची पाठ दिसत होती. हात ताटाकडे जात होता आणि परत येत होता.

बापाला राहवलं नाही. इथे त्याने आणखी एकदा माती खाल्ली. तो सरळ पोरींच्या बाकापाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "पोरींनो, माझी मुलगी जरा एकटी पडली आहे. तिला तुमच्यात सरकून घ्या. आजारी आहे हो ती. कुणी सोबत नसेल तर जेवत नाही."

पोरी वाईट नव्हत्या. त्या पटकन सरकल्या, दप्तर उचललं, एकीने जाऊन ढमीचं ताट आणलं. ढमी येऊन बसली. आणि सगळं बाक गप्प झालं. आजारी मुलीपुढे काय बोलावं, त्या तरी काय करणार? एकीने विचारलं, "आता बरं वाटतंय का?" दुसरी म्हणाली, "हळूहळू खा हं." मग सगळ्या आपापल्या ताटात बघून जेवू लागल्या. आचाऱ्याला दारातून चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू येत होते. ढमीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ती उठली. ताट तसंच भरलेलं होतं. ते मोरीपाशी ठेवून ती बाहेर आली आणि बापाकडे न बघता म्हणाली, "जेवले मी."

दोघं खोलीवर आले. पुढच्या वर्षी नव्या पोरी येतील, पुन्हा सगळ्या अनोळखी असतील, तेव्हा हिला जागा मिळेल, असं आचाऱ्याच्या मनात येऊन गेलं. पण पुढच्या वर्षापर्यंत हे शरीर टिकायला हवं ना? डॉक्टरांचे शब्द त्याला पाठ होते. भावाला दिलेलाही शब्द पाठ होता. इथे राहून तिला रोज जेवू घालावं, तर इस्पितळातली नोकरी गेल्यावर घर काय खाणार? त्याने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. एकही वाट सापडेना.

"ढमे," तो शेवटी म्हणाला, "घरी जाऊ या का? चार दिवस. जरा अंगात ताकद येऊ दे. मग बघू."

चार दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळत होतं. तिने आता भांडावं, रडावं, मी नाही येणार म्हणून खाटेचा खूर धरून बसावं, असं त्याला वाटत होतं. ती एक शब्द बोलली असती तर त्याने थोरल्या भावाचा, डॉक्टरांचा, साऱ्या जगाचा मुलाहिजा ठेवला नसता. तो दाराशी वाट बघत उभा राहिला.

ढमीने भिंतीवरच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि आराखड्यांची गुंडाळी केली. धुतलेला डबा सायकलवाल्यासाठी दाराच्या कडीला अडकवला. बापाने काहीतरी करायला हवं म्हणून खाटेवरची चादर ओढून घडी घालायला घेतली.

"ती राहू द्या बाबा," ती म्हणाली. "ती घरमालकिणीची आहे."